इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट सीएचए परत का पाठवतो

प्रश्न: "अंबडला आमचं छोटं युनिट आहे, एसएस फिटिंग्ज बनवतो. दुबईच्या पार्टीची पहिलीच एक्स्पोर्ट ऑर्डर, एलसीएलने, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये, न्हावाशेवावरून पाठवतोय. ३४ बॉक्स आहेत, दोन पॅलेटवर बांधलेत. सीएचएने, म्हणजे आमच्या कस्टम एजंटने, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट दोनदा परत पाठवली, आधी म्हणे प्रत्येक आयटमचं वजन टाका, आता म्हणे पॅकेज जुळत नाहीत. माल पोर्टजवळच्या सीएफएस गोदामात जाऊन पडलाय. नेटवरून फॉरमॅट घेतला होता. नेमकं कुठं चुकतंय आणि आता काय करायचं?"

उत्तर:

फॉरमॅटचा काही दोष नाही, नेटवरचे बहुतेक फॉरमॅट चालतात. गडबड क्रमाची आहे. ऑफिसात बसून आधी इन्व्हॉइस करायचं, मग त्याच एक्सेलची कॉपी करून किमतीचे कॉलम उडवायचे आणि वर पॅकिंग लिस्ट लिहायचं, असं बहुतेक जण करतात आणि सगळं तिथंच फसतं. पॅकिंग लिस्ट शॉपफ्लोअरवर काट्याशेजारी उभं राहून करायची असते, माल बॉक्समध्ये जाताना. इन्व्हॉइस नंतर. मी नाशिकमध्ये बरीच वर्षं एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनच करतेय, सातपूर अंबडच्या इंजिनिअरिंग युनिट्सचं जास्त, आणि अडकलेल्या फाइल्स बघितल्या तर दहातल्या बहुतेक ठिकाणी कागद मालाकडे बघून लिहिलेलाच नसतो.

आधीच सांगते, काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. पेमेंट बँकेच्या एलसीवर आहे की टीटीवर, म्हणजे थेट बँक ट्रान्सफरने, तुम्ही कर न भरता एलयूटीवर पाठवताय की आयजीएसटी भरून, टर्म एफओबी आहे की सीआयएफ, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी टीटी, एलयूटी आणि सीआयएफ धरून सांगते, जिथं फरक पडतो तिथं सांगेनच.

तुमच्यासारखाच माल धरू. एसएस ३०४ ची दोन इंची स्लिप ऑन फ्लँज १२० नग, एक इंची थ्रेडेड एल्बो ६०० नग, एक इंची युनियन ४०० नग. तुमचं इन्व्हॉइस बहुतेक असं असणार, 'एसएस फिटिंग्ज अॅज पर पीओ', खाली नग, दर, रक्कम. आता सीएचएने वजन का मागितलं ते बघा. तुम्ही नगावर विकता पण कस्टम टॅरिफमध्ये ७३०७ हेडिंगखालच्या मालाचं युनिट किलो आहे, त्यामुळे शिपिंग बिलात, म्हणजे कस्टमला भरायच्या एक्स्पोर्टच्या कागदात, तुमच्या नगांसोबत प्रत्येक लाइनचं किलोतलं प्रमाणही भरावं लागतं. सगळ्याचं मिळून एकच नेट वजन दिलंत तर सीएचए ते तीन लाइनमध्ये वाटणार कसं? काही सीएचए अंदाजाने वाटून टाकतात, ते आणखी वाईट, कारण तपासणीला ऑफिसरने एक बॉक्स काट्यावर टाकला की हिशोब उघडा पडतो. तुमच्या सीएचएने परत पाठवलं म्हणजे माणूस बरा आहे, त्याच्यावर चिडू नका.

वर्णनाचंही तेच. तीन आयटमचे तीन वेगळे एचएस कोड आहेत. स्टेनलेस फ्लँज 7307 21 00, थ्रेडेड एल्बो 7307 22 00, युनियन त्या दोन्हींत बसत नाही म्हणून 'इतर' मध्ये, 7307 29 00. सगळ्यावर फ्लँजचाच कोड मारला तर ड्रॉबॅक आणि रोडटेप हे सरकारकडून मिळणारे परतावे चुकीच्या लाइनवर जातात, आणि तिकडे तुमच्या पार्टीला भारत यूएई सेपा कराराखाली ड्यूटीची सवलत घ्यायची असेल तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवरचा कोड, वर्णन आणि इन्व्हॉइस नंबर हे सगळं तुमच्या इन्व्हॉइसशी ताडून बघितलं जातं. म्हणून लाइन अशी लिहा की माल कधी न बघितलेल्या माणसालाही कळेल काय आहे ते:

```
STAINLESS STEEL FLANGE, SLIP ON, SS 304, 2 INCH, CLASS 150
HS 7307 21 00   120 NOS   NET WT 276.000 KGS
```

बायरचा पार्ट नंबर टाकायचा असेल तर खाली दुसऱ्या ओळीत टाका, वर्णनाच्या जागी नको. एलसी असेल तर मात्र वर्णन एलसीत जसं आहे तसंच इन्व्हॉइसवर यायला हवं, बँक तिथं सूट देत नाही, मग तुमचं जास्तीचं तपशीलवार वर्णन त्याच्या खाली जोडायचं.

आता पॅकिंग लिस्ट, खरा मुद्दा इथंच आहे. फ्लँज एका बॉक्समध्ये १०, एकीचं वजन २.३ किलो, म्हणजे बॉक्सचं नेट २३ किलो. खोका, प्लास्टिक, पट्टी मिळून ६०० ग्रॅम धरले तर ग्रॉस २३.६. असे १२ बॉक्स, नंबर १ ते १२. एल्बो एका बॉक्समध्ये ५०, नेट १०.५, ग्रॉस ११.१, हे पण १२, नंबर १३ ते २४. युनियन ४० ची पॅकिंग, नेट १४, ग्रॉस १४.६, बॉक्स १०, नंबर २५ ते ३४. तुमचे ३४ झाले. नेटची बेरीज ५४२ किलो, बॉक्सच्या ग्रॉसची बेरीज ५६२.४.

बहुतेक जण इथंच थांबतात आणि ५६२.४ हेच ग्रॉस म्हणून लिहून मोकळे होतात. पॅलेट राहिलं की. एक लाकडी पॅलेट स्ट्रेच फिल्म आणि पट्ट्यांसकट साधारण १५ किलो धरलं तर दोघांचे ३० किलो झाले, म्हणजे खरं ग्रॉस ५९२.४. सीएफएसवाले पॅलेटसकट वजन करणार, त्यांच्या काट्यावर ५९० च्या आसपास येणार आणि तुमच्या कागदावर ५६२. एवढ्याशा फरकाने काही आभाळ कोसळत नाही, पण तो कुणाला तरी विचारावा लागतो, तो माणूस तुम्हाला फोन लावतो, तुम्ही कारखान्यात मशीनच्या आवाजात फोन उचलत नाही, आणि तेवढ्यात त्या आठवड्याचा कन्सोल कंटेनर बंद होतो. एलसीएलमध्ये उशीर असाच होतो, कुणी मोठी हरकत घेतलेली नसतेच.

पॅकेज जुळत नाहीत हे पण पॅलेटचंच प्रकरण. तुमच्या पॅकिंग लिस्टवर ३४ पॅकेज लिहिलंय आणि सीएफएसच्या गेटवर गाडीतून उतरले दोन नग. तिथला माणूस फिल्म फाडून आतले बॉक्स मोजत बसत नाही, तो दोनच लिहितो. मग शिपिंग बिलात ३४, सीएफएसच्या नोंदीत २, फॉरवर्डरच्या बिल ऑफ लेडिंगच्या ड्राफ्टमध्ये आणखी तिसरंच काहीतरी. पॅलेटवरच्या मालाला मी बाहेरचं पॅकेज म्हणून पॅलेटच धरते आणि आतल्या बॉक्सचा आकडा वर्णनात देते, बहुतेक सीएचए पण तेच करतात, पण माल पाठवायच्या आधी तुमच्या सीएचएला आणि फॉरवर्डरला एकदा विचारून तिघांनी एकच पद्धत धरा. पॅकिंग लिस्टचा खालचा भाग मग असा दिसतो:

```
PALLET 1  CTN 1-12   NET 276.0  GROSS 298.2 KGS  110x110x90 CM
PALLET 2  CTN 13-34  NET 266.0  GROSS 294.2 KGS  110x110x90 CM
TOTAL 2 PALLETS (34 CARTONS)  NET 542.0  GROSS 592.4 KGS  2.178 CBM
```

यात एक नीट बघा, कुठला बॉक्स कुठल्या पॅलेटवर आहे ते कळतं. ऑफिसरने युनियन दाखवा म्हटलं तर दुसरंच पॅलेट उघडायचं, पहिल्याला हात लावायचा नाही. बॉक्स नंबर दिलेच नसतील तर दोन्ही फाडले जातात आणि परत पॅकिंगचा खर्च तुमच्यावर येतो, शिवाय परत बांधलेलं पॅलेट तुमच्या पोरांनी बांधल्यासारखं कधीच होत नाही. आणि कागदावरचे नंबर बॉक्सवर पण हवेत हो, मार्करने का होईना, '१/३४, २/३४' असे, सोबत बायरचं नाव, पोर्ट आणि मेड इन इंडिया. पॅलेटच्या दोन बाजूंना तेच मार्क.

सीबीएम का लिहायचं, तर एलसीएलचं भाडं घनमीटर किंवा टन यांत जे जास्त येईल त्यावर लागतं. इथं वजन अर्धा टनाच्या थोडं वर आणि घनमीटर दोनच्या वर, म्हणजे भाडं घनमीटरवर बसणार. उंची मोजताना पॅलेटसकट मोजा, नुसत्या बॉक्सच्या थराची नको. लाकडी पॅलेटवर ट्रीटमेंटचा आयपीपीसी शिक्का आहे ना तेवढं बघा, भंगारवाल्याकडून स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या पॅलेटवर तो पुसलेला असतो किंवा नसतोच.

आता इन्व्हॉइसवर येऊ. पॅकिंग लिस्ट पक्की झाली की लाइनवार नग आणि वजन तिथून उचलायचं, पीओवरून नाही. पीओ ४०० युनियनचा असेल आणि दोन नग रिजेक्ट होऊन ३९८ गेले असतील तर इन्व्हॉइस ३९८ चंच करायचं. ऐकायला साधं वाटतं पण हे सर्रास चुकतं, कारण इन्व्हॉइस आदल्या दिवशीच टॅलीत झालेलं असतं.

किमतीचं बघा. फ्लँज १४ डॉलर, एल्बो २.२०, युनियन ३ डॉलर धरले तर १६८०, १३२० आणि १२००, बेरीज ४२०० डॉलर. हे एफओबी. बायरने सीआयएफ जेबेल अली मागितलंय, फ्रेट १८० आणि इन्शुरन्स १२ धरा, एकूण ४३९२. काही जण हे १९२ डॉलर दरातच मिसळून टाकतात आणि खाली नुसतं सीआयएफ ४३९२ लिहितात. मग शिपिंग बिलात एफओबी काढायचं कसं? ड्रॉबॅक आणि रोडटेपचा हिशोब एफओबी किमतीवर चालतो, त्यामुळे फोड दिली नाही तर सीएचए विचारत बसतो किंवा मनाने आकडे टाकतो. तिन्ही आकडे वेगळ्या ओळीत द्या, आणि टर्मपुढे ठिकाण लिहा, नुसतं सीआयएफ लिहून भागत नाही, सीआयएफ जेबेल अली लिहा. एफओबीवर पाठवत असाल तर फ्रेट इन्शुरन्सचा प्रश्नच नाही, एफओबी न्हावाशेवा आणि ४२०० वर विषय संपला. बायर कधीकधी तिकडची ड्यूटी वाचवायला किंमत कमी दाखवा म्हणतो, त्या भानगडीत पडू नका, बँकेत येणारे पैसे आणि शिपिंग बिलाची किंमत नंतर जुळवावी लागते.

आता इन्व्हॉइस नंबर. यावर जरा वेळ घालवते, कारण हा घोळ पोर्टवर दिसत नाही, दोन महिन्यांनी दिसतो. पुष्कळ युनिट्समध्ये दोन इन्व्हॉइस निघतात, एक टॅलीतलं जीएसटीचं आणि एक बायरसाठीचं देखणं कमर्शियल इन्व्हॉइस, दोघांचे नंबर वेगळे. सीएचएकडे जातं देखणं, जीएसटी रिटर्नमध्ये अकाउंटंट टाकतो टॅलीचं. आयजीएसटी भरून पाठवलं असेल तर सिस्टिमला शिपिंग बिलावरचा नंबर आणि जीएसटीआर-१ मधला नंबर जुळत नाही, SB005 एरर येतो आणि रिफंड तिथंच बसतो. मग रिटर्नमध्ये दुरुस्ती नाहीतर कस्टममध्ये कोणता इन्व्हॉइस कोणाचा याचा तक्ता देऊन फी भरून ऑफिसरकडून जुळवून घेणं, दोन्हीला चपला झिजतात. एलयूटीवर असाल तरी खरेदीवर भरलेल्या जीएसटीचा, म्हणजे आयटीसीचा रिफंड मागताना हेच नंबर बघितले जातात. दोन कागद हवेत तर ठेवा, नंबर आणि तारीख मात्र एकच.

नंबर ठरवताना जीएसटीचा १६ अक्षरांचा नियम लक्षात ठेवा, डॅश आणि स्लॅश धरून. NSK/EXP/25-26/001 छान दिसतो पण मोजा, १७ होतात. EXP/25-26/001 मध्ये १३, निवांत बसतो. आणि शून्यं सगळीकडे तीच, शिपिंग बिलात 001 आणि रिटर्नमध्ये नुसता 1 असं झालं की परत तोच एरर. तुमचा टर्नओव्हर ५ कोटींच्या वर असेल तर एक्स्पोर्ट इन्व्हॉइसलाही ई-इन्व्हॉइस लागतं, आणि त्याचा आयआरएन नंबर २४ तासांतच रद्द करता येतो, त्यानंतर नाही. म्हणून गाडी भरायच्या आधी आयआरएन काढायची घाई करू नका, काट्यावरचं वजन आणि शेवटचे नग हातात आल्यावर काढा आणि मग त्याच नंबरवर ई-वे बिल. एलयूटीचं वाक्य इन्व्हॉइसवर हवंच, हे असं:

```
SUPPLY MEANT FOR EXPORT UNDER BOND OR LETTER OF UNDERTAKING
WITHOUT PAYMENT OF INTEGRATED TAX
```

नेटवरच्या फॉरमॅटमध्ये हे वाक्य बहुतेक वेळा नसतं, कारण ते फॉरमॅट भारतासाठी केलेलेच नसतात.

अजून एक छोटी गोष्ट, तुम्ही तिन्ही आयटम स्वतः बनवता का? आपल्याकडे बरेच जण फ्लँज इथं टर्न करतात आणि युनियन राजकोटहून आणतात. चालतं, पण शिपिंग बिलात प्रत्येक आयटमचं मूळ राज्य आणि जिल्हा विचारतात, तिथं युनियनपुढे नाशिक लिहू नका. सेपाचं सर्टिफिकेट घ्यायचं असेल तर त्या आयटमचे बनवणाऱ्याकडचे कागद पण लागतील, ते आत्ताच मागून ठेवा, नंतर राजकोटवाला फोन उचलत नाही.

आता तुमचा माल सीएफएसला पडलाय त्याचं. सगळ्यात आधी सीएचएला एकच विचारा, शिपिंग बिल फाइल झालंय की अजून चेकलिस्टच आहे? चेकलिस्ट म्हणजे फाइल करायच्या आधी तो तुम्हाला मंजुरीला पाठवतो तो ड्राफ्ट. नवीन लोक तो उघडतसुद्धा नाहीत, व्हॉट्सअॅपवर 'ओके' लिहून टाकतात. अजून चेकलिस्टवरच असेल तर काहीच बिघडलेलं नाही, दुरुस्त कागद पाठवा, नवीन चेकलिस्ट मागवा आणि ती पॅकिंग लिस्ट शेजारी ठेवून वाचा: पॅकेज दोन पॅलेट, नेट, ग्रॉस, प्रत्येक लाइनचे किलो, एफओबी, इन्व्हॉइस नंबर, रोडटेप क्लेम 'हो' आहे का. रोडटेपचं विसरलं तर नंतर जोडून घेणं फार किचकट आहे.

शिपिंग बिल फाइल झालं असेल आणि लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल सोडायची कस्टमची परवानगी, मिळायची बाकी असेल तर सीएचए दुरुस्तीचा अर्ज टाकू शकतो, अर्धा एक दिवस जाईल पण होतं. लेट एक्स्पोर्ट झाल्यावर मात्र कस्टम कायद्याच्या कलम १४९ खाली अर्ज, सोबत त्या वेळचे कागद आणि ऑफिसरची मंजुरी असं लांबतं. तुमचा सीएचए अजून पॅकेजवर भांडतोय म्हणजे तुम्ही बहुधा लेट एक्स्पोर्टच्या आधीच्या टप्प्यावरच आहात.

वजनासाठी माल परत नाशिकला आणायची काही गरज नाही. सीएफएसमध्ये झालेल्या वजनाचा आकडा फॉरवर्डरकडून लेखी घ्या. तुमच्याकडे बॉक्सवार वजनं लिहिलेली नसतील तर प्रत्येक आयटमचे शिल्लक पाच दहा नग काट्यावर टाका, सरासरी काढा, नगांनी गुणा, त्यात खोके आणि पॅलेट मिळवा आणि ती बेरीज सीएफएसच्या आकड्याजवळ येते का बघा. चार पाच किलोचा फरक असेल तर सीएफएसचं ग्रॉस धरून पॅकिंग लिस्ट करा. तीस चाळीस किलो इकडेतिकडे असेल तर पॅलेट विसरलंय किंवा एखादा बॉक्स जास्त वा कमी गेलाय, मग बॉक्स मोजून घेतल्याशिवाय कागद पाठवू नका. सुधारलेल्या कागदांवर नंबर आणि तारीख जुनीच ठेवायची, पण नग किंवा रक्कम बदलत असेल तर टॅलीत आणि ई-वे बिलात काय गेलंय ते आधी अकाउंटंटला विचारा. आणि सुधारलेली प्रत सीएचए, फॉरवर्डर आणि दुबईची पार्टी तिघांना एकाच मेलवर पाठवा, जुनी रद्द समजा असं स्पष्ट लिहून, नाहीतर पार्टी तिकडे जेबेल अलीला जुन्याच ३४ पॅकेजच्या कागदावर क्लिअरन्सला लागते.